वॉरंटीतला फोन वारंवार रिपेअर करूनही बिघडतोय: ग्राहक आयोगातल्या तक्रारअर्जाबद्दल नेहमी येणारे प्रश्न

मोबाईलच्या तक्रारीबद्दल जे मेसेज येतात त्यातले निम्मे तरी एकाच गोष्टीचे असतात. फोन वॉरंटीत आहे, सर्व्हिस सेंटरला दोन-तीनदा देऊन झाला, तरी तोच बिघाड, आता ग्राहक मंचात अर्ज कसा लिहायचा? तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, सांगलीच्या एका ताईंच्या फोनचं. त्या घरी दहावीच्या शिकवण्या घेतात, फोन २१,४९९ रुपयांचा, ९ मार्च २०२४ ला दुकानातून घेतलेला, एक वर्षाची वॉरंटी. कंपनी, दुकान, सेंटर कुणाचंच नाव इथे घेत नाही, कारण आपल्याला कागद कसे वाचायचे ते बघायचंय.

१. तक्रार नक्की कुठे करायची? मंच की आयोग, आणि माझ्या गावात की कंपनीच्या गावात?

जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात. लोक अजून मंचच म्हणतात, पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला तेव्हापासून अर्जाच्या डोक्यावर "जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, सांगली" असं लिहायचं. जुन्या कायद्यात सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, जिथे असेल किंवा खरेदी जिथे झाली असेल तिथेच जावं लागायचं, आता तुम्ही जिथे राहता किंवा कामधंदा करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे कंपनी बेंगळुरूची आणि फोन ऑनलाइन मागवलेला असला तरी सांगलीत राहणाऱ्याने सांगलीतच अर्ज द्यावा. फक्त राहण्याचा पुरावा जोडा, आधारकार्डावर जुना पत्ता असेल तर भाडेकरार किंवा लाईटबिल.

वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यामुळे फोनसाठी वर जायचा प्रश्नच येत नाही.

२. फी किती लागते? वकील लागतोच का?

मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी शून्य. इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो, त्यांना वाटतं की एक लाख भरपाई मागितली तर ती किमतीत धरतात. जुन्या कायद्यात तसं होतं, आता फक्त तुम्ही मोजलेले पैसे बघतात.

वकील सक्तीचा नाही, स्वतःचा अर्ज स्वतः चालवता येतो. अर्ज मराठीत चालतो, आपल्याकडचे जिल्हा आयोग निकालही मराठीत देतात. माझं मत विचाराल तर वीस-पंचवीस हजारांच्या फोनसाठी वकिलाची फी परवडत नाही, पण कंपनीचं लेखी म्हणणं आल्यावर एकदा एखाद्या जाणकाराला किंवा ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्याला कागद दाखवावेत.

३. किती वेळा रिपेअर झाल्यावर तक्रार करता येते? तीनदा व्हायला पाहिजे म्हणतात.

असा आकडा कायद्यात कुठेच नाही. कुणीतरी कुठेतरी लिहिलं आणि ते फिरत राहिलं. आयोगाला दिसायला हवं ते एवढंच की बिघाड वॉरंटीत सुरू झाला, तुम्ही वेळेत कळवला, कंपनीला दुरुस्तीची संधी दिली, आणि तरी तोच बिघाड राहिला. एका रिपेअरनंतर लगेच रिफंड मागितला तर कंपनी म्हणते आम्ही वॉरंटीप्रमाणे दुरुस्त करायला तयार होतो, आणि वॉरंटीच्या अटींत पहिल्यांदा दुरुस्तीच लिहिलेली असते, त्यामुळे केस लंगडी पडते. तोच बिघाड तीन-चारदा कागदावर आला की मग "दुरुस्ती होतच नाही" हे म्हणणं उभं राहतं.

तोच बिघाड हे महत्त्वाचं. एकदा स्पीकर, एकदा कॅमेरा, एकदा पडून फुटलेली स्क्रीन, अशी यादी असेल तर ती वारंवार दुरुस्तीची केस होत नाही, स्क्रीन तर वॉरंटीतही येत नाही.

४. माझ्याकडे पुरावा काय पाहिजे? बिल आणि बॉक्स आहे.

बिल लागतंच, पण केस उभी राहते ती जॉबशीटवर. सर्व्हिस सेंटरला फोन दिला की ते जो कागद देतात किंवा मेल करतात तो. त्याच्यावर चार गोष्टी वाचायच्या: तारीख, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ग्राहकाने सांगितलेला बिघाड, आणि फोनची बाहेरची स्थिती. परत घेताना अजून एक कागद मिळतो त्याच्यावर काय दुरुस्ती केली ते असतं, तो बहुतेक लोक घेतच नाहीत.

ताईंच्या पाच जॉबशीट अशा होत्या. २ जुलै २०२४, "फोन आपोआप बंद होतो", सॉफ्टवेअर टाकून दुसऱ्या दिवशी परत. २९ जुलै, तोच बिघाड, बॅटरी बदलली, ६ ऑगस्टला परत. १७ सप्टेंबर, तोच बिघाड, मदरबोर्ड बदलला, १४ ऑक्टोबरला परत. २० नोव्हेंबर, पुन्हा आपोआप बंद, "बिघाड आढळला नाही" म्हणून २२ तारखेला परत. आणि ६ जानेवारी २०२५ ला "लिक्विड डॅमेज, वॉरंटी लागू नाही", सोबत ११,८०० रुपयांचं एस्टिमेट. बघा, नुसत्या तारखा लावल्या तरी गोष्ट समोर उभी राहते, पहिल्या चार दुरुस्त्यांत फोन ३८ दिवस सेंटरलाच होता.

काउंटरवरचा माणूस घाईत "हँग होतो" असं काहीतरी लिहितो, तेव्हा सही करायच्या आधी वाचा आणि तुमच्याच शब्दांत लिहायला लावा. पहिल्या शीटवर "हँग", दुसरीवर "हीटिंग", तिसरीवर "चार्जिंग" असं आलं की कंपनी नंतर म्हणते हे तीन वेगळे बिघाड होते आणि तिन्ही आम्ही दुरुस्त केले. जॉबशीट देतच नसतील तर त्याच दिवशी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाका, आज अमुक सेंटरला अमुक बिघाडासाठी फोन दिला, कागद दिला नाही. त्या मेलवरची तारीख उपयोगी पडते. आणि बिघाड होतानाचा व्हिडिओ दुसऱ्या फोनवरून काढून ठेवा, विशेषतः "बिघाड आढळला नाही" असं ऐकायला मिळत असेल तर.

५. मदरबोर्ड बदलल्यावर आयएमईआय बदलला, आता बिलावरचा नंबर जुळत नाही. केस गेली का?

गेली नाही, पण आधीच बंदोबस्त करा. बोर्ड बदलला की फोनवर नवा आयएमईआय येऊ शकतो. फोनवर *#06# डायल करून दिसणारा नंबर, बॉक्सवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर तिन्ही ताडून बघा. वेगळे असतील तर सेंटरकडून जुना आणि नवा दोन्ही नंबर लिहिलेलं पत्र किंवा जॉबशीट घ्या. ताईंच्या १४ ऑक्टोबरच्या कागदावर दोन्ही नंबर होते म्हणून त्यांचं काम सोपं झालं. अर्जात हे लपवायचं नाही, उलट एक स्वतंत्र परिच्छेदच करायचा, की बोर्ड बदलल्यामुळे नंबर बदलला, कागद सोबत जोडला आहे. नाहीतर कंपनीचा वकील पहिल्याच पानावर लिहितो की हा आम्ही विकलेला फोनच नाही.

६. तक्रार करण्याआधी नोटीस पाठवणं कंपल्सरी आहे का?

कायद्यात सक्ती नाही, पण पाठवाच. वकिलाची नोटीस नको, स्वतःच्या सहीचं एक पानी पत्र चालतं. त्यात खरेदीची तारीख आणि किंमत, बिघाड, जॉबशीटच्या तारखा, काय हवंय, आणि पंधरा दिवसांची मुदत. कंपनी, सेंटर आणि दुकान तिघांना स्पीड पोस्टाने, शिवाय कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या मेलवर. पोस्टाची पावती जपा आणि ट्रॅकिंगवर "डिलिव्हर्ड" आलं की त्याचं लगेच प्रिंट काढा, कारण तो तपशील वेबसाइटवर कायम राहत नाही.

ताईंनी २० जानेवारीला नोटीस दिली. कंपनीचं उत्तर आलं, "आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत, कृपया जवळच्या सेंटरला भेट द्या". असं उत्तर आलं तर फाईलमध्ये लावा, पाच वेळा सेंटरला जाऊन आलेल्या माणसाला हे सांगतायत हे आयोगाला आपोआप दिसतं.

७. १९१५ वर तक्रार केली आहे. तेवढं पुरत नाही का?

१९१५ म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथून कंपनीला तक्रार कळवतात आणि कधीकधी तेवढ्यावरच रिप्लेसमेंट मिळून जाते, त्यामुळे करून बघायला हरकत नाही. पण ते न्यायालय नाही, कंपनीवर हुकूम काढू शकत नाहीत, आणि तिथे तक्रार पडून असल्याने आयोगाची मुदत थांबत नाही (मुदतीचं प्रश्न ११ मध्ये बघा). तिथला डॉकेट नंबर मात्र अर्जात लिहा.

८. सामनेवाले म्हणून कुणाकुणाची नावं टाकायची?

कंपनी, सर्व्हिस सेंटर आणि विकणारा दुकानदार, असे तिघं. कंपनीचं नाव म्हणजे फोनवरचा ब्रँड नाही. बॉक्सच्या मागे बारीक अक्षरात निर्माता किंवा आयातदार म्हणून प्रायव्हेट लिमिटेड असं पूर्ण नाव आणि पत्ता छापलेला असतो, तो छापायची सक्तीच आहे, तो जसाच्या तसा उतरवा. ब्रँडचंच नाव टाकलं तर नोटीस परत येते आणि दोन-तीन महिने त्यातच जातात. सेंटरचं नाव जॉबशीटवरून घ्या, ते बहुतेक कुठल्यातरी स्थानिक एंटरप्रायझेसचं असतं.

ऑनलाइन घेतला असेल तर टॅक्स इनव्हॉइस उघडा, तिथे विकणारा म्हणून वेगळ्याच कंपनीचं नाव असतं, त्या कंपनीलाही घ्या आणि वेबसाइट चालवणाऱ्या कंपनीलाही.

दुकानदार ओळखीचा आहे, त्याला नको ओढायला, असं खूप जण म्हणतात. समजतंय, पण त्याला घेतलं म्हणजे त्याच्यावरच पैसे बसतात असं नाही, उत्पादन दोष असला की बहुतेक वेळा भार कंपनीवर टाकतात. त्याला वगळलं तर कंपनीला "खरेदीबद्दल आम्हाला माहिती नाही, विक्रेता पक्षकार नाही" असं म्हणायला जागा मिळते. त्याला आधी फोन करून सांगा आणि अर्जात त्याच्या वागणुकीबद्दल तक्रार नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

९. अर्ज प्रत्यक्षात लिहायचा कसा? नमुना द्या ना.

पूर्ण नमुना मुद्दाम देत नाही, कारण लोक दुसऱ्याच्या फोनचा मॉडेल नंबर तसाच ठेवून दाखल करतात, खरंच. क्रम सांगतो. वर आयोगाचं नाव, मग तक्रारदार म्हणून तुमचं नाव, वय, धंदा, पत्ता, मग "विरुद्ध" आणि सामनेवाले क्रमांक १, २, ३. त्यानंतर हकीकत, नंबर घातलेल्या छोट्या परिच्छेदांत, एका परिच्छेदात एकच घटना. मग तक्रारीला कारण कधी आणि कुठे घडलं, आयोगाला अधिकारक्षेत्र कसं आहे, तक्रार मुदतीत आहे, याच विषयावर दुसरीकडे केस नाही, आणि शेवटी मागणी. खाली सही, सत्यापन, सोबत शपथपत्र आणि कागदांची यादी.

हकीकतीतला एक परिच्छेद ताईंच्या अर्जातला असा:

"५. दि. १७ सप्टेंबर २०२४ रोजी तक्रारदाराने सदर फोन तिसऱ्यांदा सामनेवाला क्र. २ यांच्याकडे जमा केला. जॉबशीटवर 'फोन आपोआप बंद होतो' अशी नोंद आहे. सामनेवाला क्र. २ यांनी मदरबोर्ड बदलून फोन दि. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी परत दिला. या २७ दिवसांत तक्रारदारास पर्यायी फोन दिला नाही. जॉबशीटची प्रत परिशिष्ट ५."

बस. राग नाही, "जनतेची लूटमार" नाही, काउंटरवरची मुलगी कशी बोलली ते नाही. कच्चा मसुदा ताईंनी आधी पाठवला होता त्यात दोन पानं नुसता संताप होता आणि तारखा तीनच, आम्ही ते उलटं केलं. जे वाक्य लिहाल त्याच्या शेवटी परिशिष्टाचा नंबर येतोय का बघा, येत नसेल तर ते वाक्य हवंच आहे का ते पण बघा.

सेवेतली त्रुटी, सदोष वस्तू, अनुचित व्यापारी प्रथा असे शब्द अर्जात येतात. पहिले दोन आपल्या केसला लागू आहेत: फोन सदोष आणि दुरुस्तीची सेवा त्रुटीची. तिसरा उगाच घालू नका, त्यासाठी फसवी जाहिरात किंवा वॉरंटीचं खोटं आश्वासन असं काही दाखवावं लागतं.

१०. मागणीत काय लिहायचं? पाच लाख भरपाई मागू का?

मागा, मिळणार नाहीत. मानसिक त्रासाची भरपाई फोनच्या केसमध्ये साधारण काही हजारांत मिळते, आणि अवाच्या सवा आकडा बघितला की बाकीचा अर्जही त्याच नजरेने वाचला जातो.

ताईंची मागणी अशी होती: फोनची किंमत २१,४९९ रुपये खरेदीच्या तारखेपासून व्याजासह परत मिळावी, किंवा पर्यायाने त्याच मॉडेलचा अथवा तेवढ्याच किमतीचा नवा सीलबंद फोन नव्या वॉरंटीसह मिळावा, शारीरिक मानसिक त्रासापोटी १५,००० आणि तक्रारखर्चापोटी ५,००० रुपये, आणि आयोगास योग्य वाटेल तो इतर आदेश. मधला "किंवा पर्यायाने" विसरू नका, रिफंड आणि नवा फोन दोन्ही एकदम मिळत नाही. "नवा सीलबंद" पण लिहा, नाहीतर रिफर्बिश्ड हातात पडतो. रिफंड मागितला तर फोन सामनेवाल्याला परत करायला तयार आहे हेही लिहून टाका.

११. वॉरंटी संपली आता. उशीर झाला का?

वॉरंटी आणि तक्रारीची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिघाड वॉरंटीत असताना कळवलेला असला आणि तो कागदावर असला की नंतर वॉरंटी संपली म्हणून हक्क जात नाही. तक्रारीची मुदत आहे कारण घडल्यापासून दोन वर्षं. ताईंच्या केसमध्ये कारण शेवटचं ६ जानेवारी २०२५ ला घडलं, सेंटरने वॉरंटी नाकारली तेव्हा. पण वाद नको असेल तर पहिल्या जॉबशीटपासून मोजा, म्हणजे २ जुलै २०२४ पासून दोन वर्षांच्या आत अर्ज द्या. दोन वर्षं उलटली असतील तर उशीर माफीचा वेगळा अर्ज कारणासकट द्यावा लागतो, आणि "कंपनीच्या उत्तराची वाट बघत होतो" हे कारण फार चालत नाही, मेल पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही.

१२. "लिक्विड डॅमेज" लिहून हात वर केले. पाण्यात तर पडलाच नाही, आता?

हा सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात अवघड प्रश्न. फोनच्या आत, बऱ्याचदा सिमच्या खाचेजवळ, एक पांढरा ठिपका असतो तो ओल लागली की लाल-गुलाबी होतो. सेंटर त्याचा फोटो दाखवतं आणि विषय संपवतं.

पहिलं काम, फोटो मागून घ्या, लेखी रिपोर्ट मागा, तुमच्यासमोर उघडला होता का ते जॉबशीटवर लिहायला लावा. दुसरं, जुन्या जॉबशीट काढा. ताईंच्या पहिल्या चार शीटवर ओलीचा एक शब्द नाही, तिसऱ्या वेळी तर बोर्डच बदलला म्हणजे फोन पूर्ण उघडला होता, आणि आपोआप बंद होण्याचा बिघाड मात्र जुलैपासून आहे. म्हणजे जानेवारीत ओल दिसली असं धरून चाललं तरी जुलैतला बिघाड ओलीमुळे झाला हे म्हणणं टिकत नाही. शिवाय फोन उघडून परत बंद करताना कडेची सील नीट बसवणं सेंटरचंच काम होतं. अर्जात आम्ही हेच तीन मुद्दे त्याच क्रमाने लिहिले.

याची मर्यादाही समजून घ्या. नोव्हेंबर ते जानेवारीत ओल लागलीच नाही हे यातून सिद्ध होत नाही, आणि पहिल्याच भेटीत लिक्विड डॅमेज लिहिलं असेल तर हा बचाव तुमच्याकडे नाही. तेव्हा तज्ज्ञ तपासणीकडे जावं लागतं, ते पुढच्या प्रश्नात.

एस्टिमेट भरून दुरुस्त करून घेऊ का, असं लगेच विचारतात. केस करायची असेल तर नको, आणि बाहेरच्या दुकानात तर अजिबात उघडू नका, कारण मग आतलं काय कुणी केलं हे कुणालाच सांगता येत नाही.

१३. उत्पादन दोष सिद्ध करायला लॅब रिपोर्ट लागतोच का?

कंपनीचा वकील हमखास म्हणतो की तज्ज्ञाचा अहवाल नाही, दोष सिद्ध नाही. कायद्यात अशी तरतूद आहे की तपासणीशिवाय दोष कळणार नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेला पाठवू शकतो, अहवाल ४५ दिवसांत यायचा असतो आणि फी आधी तक्रारदाराने भरायची असते. पण ती तपासणी वरवर न दिसणाऱ्या दोषांसाठी आहे, जे कागदावरच दिसतंय त्याला दरवेळी लागत नाही. एकाच बिघाडासाठी कंपनीच्याच सेंटरने सॉफ्टवेअर, मग बॅटरी, मग बोर्ड बदलला आणि तरी बिघाड राहिला, तर त्यांच्याच जॉबशीट बोलतात.

तरी पण सिद्ध करायची पहिली जबाबदारी तक्रारदाराचीच असते हे विसरू नका. तुमच्याकडे दोनच जॉबशीट असतील आणि दोन्हीवर "बिघाड आढळला नाही" असेल तर तपासणीचा अर्ज तुम्हीच द्या. पूर्वी बाहेर उघडलेला फोन असेल तर ती तपासणी तुमच्यावरच उलटू शकते.

१४. फोन सर्व्हिस सेंटरलाच पडलाय, आणावा की तिथेच ठेवावा?

आणला तरी चालतो, फक्त "दुरुस्त झाला, समाधानी आहे" अशा ओळीवर सही करू नका. फोन देताना मोबाईलवर ओटीपी मागतात, तो दिला की सिस्टीममध्ये काम पूर्ण म्हणून बंद होतं, म्हणून ओटीपी देण्याआधी समोरच चालू करून बघा आणि कागदावर हाताने लिहा, "बिघाड कायम, हक्क राखून ताब्यात घेतला", खाली तारीख, सही, आणि त्याचा फोटो. तिथेच ठेवणार असाल तर मेल करा की फोन अमुक जॉबशीटने तुमच्या ताब्यात आहे. अर्जातही फोन सध्या कुठे आहे ते एका वाक्यात यायलाच पाहिजे.

१५. ऑनलाइन दाखल करता येतं का? हजर राहावं लागतं का?

हो, e-jagriti.gov.in वर खातं उघडून अर्ज, शपथपत्र आणि कागद स्कॅन करून चढवता येतात, पूर्वीचं ई-दाखिल आता याच्यात आलंय. कागद फिकट थर्मल बिलासारखे असतील तर स्कॅन आधी स्वतः मोठा करून वाचून बघा, तारीख वाचता आली नाही तर कार्यालय त्रुटी काढतं. हाताने द्यायचा असेल तर किती संच लागतात ते आयोगाच्या कार्यालयात विचारून घ्या, प्रत्येक सामनेवाल्यासाठी एक प्रत लागतेच. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने मागता येते.

दाखल झाल्यावर अर्ज स्वीकारायचा की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरतं. नोटीस मिळाल्यावर कंपनीला लेखी म्हणण्यासाठी ३० दिवस आणि वाढवून अजून १५, त्याच्या पुढे नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये हे पक्कं केलंय. मग दोन्हीकडची शपथपत्रं, युक्तिवाद, निकाल. कायदा तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करा म्हणतो. प्रत्यक्षात यापेक्षा बराच जास्त वेळ जातो हे आधीच मनाशी धरून चाला.

१६. बिल नवऱ्याच्या नावावर, फोन मी वापरते. तक्रार कुणी करायची?

खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही कायद्याने ग्राहकच असतो, त्यामुळे तुम्ही करू शकता. तरी सोपा मार्ग म्हणजे दोघांची नावं तक्रारदार १ आणि २ म्हणून टाकायची, वाद उरतच नाही.

बिलच हरवलं असेल तर दुकानदाराकडे तारीख आणि आयएमईआय सांगून दुसरी प्रत मागा, जीएसटी बिल त्याच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. सोबत बँकेचं स्टेटमेंट आणि बॉक्स.

१७. फोन शिकवणीसाठी वापरते, कंपनी म्हणते हा व्यावसायिक वापर आहे.

ताईंनाही हेच म्हटलं गेलं. विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात येत नाही हे खरं, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. शिकवणी घेणारी बाई, रिक्षावाला, घरून डबे देणारी, सगळे ग्राहकच. अर्जात एक वाक्य घाला की फोन स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी आणि घरगुती वापरासाठी स्वतः वापरते. अडचण येते ती दुकानाच्या किंवा फर्मच्या जीएसटी नंबरवर बिल घेतलेलं असतं तेव्हा, टॅक्स क्रेडिट घेतलं असेल तर तर फारच.

१८. मुलाने दुबईहून आणलेला फोन आहे, इथलं सेंटर दुरुस्त करत नाही.

बऱ्याच फोनची वॉरंटी त्या-त्या देशापुरती असते, ते वॉरंटी कार्डावर वाचा. आंतरराष्ट्रीय वॉरंटी असं छापलेलं असेल किंवा इथल्या सेंटरने एकदा तरी वॉरंटीत जॉबशीट केली असेल तर केस करण्यासारखी आहे. यातलं काहीच नसेल तर इथली कंपनी म्हणेल आम्ही विकलाच नाही, आणि तिचं म्हणणं खोडणं कठीण आहे.

१९. तक्रार दाखल केल्यावर कंपनीचा फोन आला, नवा फोन देतो, मागे घ्या म्हणतात. घेऊ?

घ्या, पण तोंडी नको. मेलवर लिहून मागा: मॉडेल, सीलबंद की रिफर्बिश्ड, नवी वॉरंटी किती, खर्च किती देणार. फोन हातात आला, आयएमईआय बॉक्सशी जुळला, चार दिवस चालला, मग आयोगात तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, द्या. आधी मागे घेऊन नंतर फोनची वाट बघत बसलेल्यांचे मेसेज आम्हाला येतात. आयोग स्वतःही मध्यस्थीकडे पाठवू शकतो, तिथे झालेली तडजोड आदेशात येते म्हणून ती जास्त पक्की.

२०. निकाल माझ्या बाजूने लागला, पण पैसे देत नाहीत.

आदेशात मुदत दिलेली असते, ती संपली की त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज द्यायचा. आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते एक लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, त्यामुळे त्या अर्जाची नोटीस गेली की बहुतेक कंपन्या चेक पाठवतात. कंपनीला राज्य आयोगात अपील करायला ४५ दिवस असतात आणि त्यासाठी आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपिलाची नोटीस आली तर घाबरून बसू नका, मुदत बघून तिथे लेखी म्हणणं द्या. निकाल विरुद्ध गेला तर तुम्हालाही तेच ४५ दिवस आहेत, प्रत हातात पडली ती तारीख पाकिटावर लिहून ठेवा.